सावली जागा बदलते

रात्री दीडच्या सुमारास स्क्रीनवर लाल चौकटींची रांगच लागली. रात्रपाळीला बसलेल्या प्रणालीनं तडे शोधणारा रोबो जागीच थांबवला. धरणाच्या पोटातली ड्रेनेज गॅलरी, डावी भिंत. काल इथं जेमतेम चार खुणा होत्या, आज तडेच तडे. `crack 0.97`, `crack 0.91`. बाहेर रोवणीचे दिवस, वैनगंगा दुथडी भरलेली, जलाशय चढत चाललेला. अशात तडा म्हटलं की पोटात गोळा येणारच.

"काका, गळतीचं पाणी वाढलं का?"

"नाही वो पोरी. व्ही-नॉचवर कालच्याएवढंच हाय. आत्ताच पाहून आलो," पंपावरचे रामाजीकाका म्हणाले.

तिनं साहेबांना फोन लावला. ते झोपेतच बोलले, "रोबोची तडा दाखवायची मर्यादा ०.६० वरून ०.९९ कर. एवढे तडे वर पाठवले तर सकाळी माझी बदली होईल."

"सर, आधी भिंत पाहून येते."

ओल्या पायऱ्या उतरून ती रोबोजवळ गेली. भिंतीवरून नख फिरवलं. तडा नव्हताच, शटरिंगच्या फळ्यांच्या जोडाची बारीक उंचवट्याची रेघ होती ती. मग तिनं रोबोचे दिवे पाहिले. एक विझलेला, दुसऱ्याचा स्क्रू ढिला होऊन तो भिंतीला लागून तिरपा झुकलेला. तिरप्या उजेडात केसाएवढ्या उंचवट्याचीही लांब काळी रेघ पडते, आणि रोबो शिकलाय समोरून उजेड टाकून काढलेल्या फोटोंवर. त्याच्या लेखी बारीक काळी रेघ म्हणजे तडा.

स्क्रू आवळून मोकळं होता आलं असतं. पण एवढ्या खुणांत एखादी खरी असली तर?

"काका, तुमची बॅटरी उजवीकडून धरा. मी सांगेन तेव्हाच लावा."

प्रत्येक खुणेचे दोन फोटो: एक रोबोच्या दिव्यात, एक काकांच्या बॅटरीत. रेघ जोडाच्या एका बाजूवरून उडी मारून दुसऱ्या बाजूला गेली, की सावली. काकांचे हात भरून आले, तरी ते हटले नाहीत.

चार वाजून गेले असतील. ब्लॉकच्या सांध्याजवळची एक रेघ दोन्ही फोटोंत तिथंच होती. `crack 0.67`. कडेला चुन्याचा पांढरा ओघळ, बोट लावलं तर ओला. पट्टीनं मोजली, ०.४ मिमी.

"हे नवीन हाय," काका हळूच म्हणाले. "इथून मी रोज जातो. हे नव्हतं."

दोघांनी रेघेवर आडवी काचपट्टी चिकटवली. तडा सरकला तर काच फुटेल. काकांनी तारीख टाकली. प्रणालीनं पुन्हा फोन लावला.

"सर, बाकी सगळ्या सावल्या आहेत, दिवा ढिला होता. एक तडा खरा आहे. त्याचा आकडा ०.६७ आहे, म्हणून मर्यादा बदलली नाही. तुम्ही आत्ताच या."

पलीकडे पलंग करकरला. "गाडी काढतो," साहेब म्हणाले. "तोवर व्ही-नॉच दर अर्ध्या तासाला लिही."