हळद विक्रीचं फनेल, 1 ते 14 डिसेंबर 2024: गळती जाहिरातीत की साइटवर?

वायगाव हळद, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा. मुख्य पाकीट 500 ग्रॅम, ₹220. आकडे GA4 या गूगलच्या साइट-मोजणी साधनातल्या वापरकर्त्यांचे आहेत. ‘जाहिरात’मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवरून आलेले येतात. ‘इतर’मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या, कुठून आले ते सांगणारी UTM खूण लावलेल्या लिंका आणि गूगल शोध येतो.

| पायरी | जाहिरात | इतर |
|---|---|---|
| view_item | 2,600 | 800 |
| add_to_cart | 182 (7%) | 96 (12%) |
| begin_checkout | 118 (65%) | 63 (66%) |
| add_shipping_info | 44 (37%) | 24 (38%) |
| add_payment_info | 39 (89%) | 21 (88%) |
| purchase | 18 (46%) | 17 (81%) |

कंसातली टक्केवारी आधीच्या पायरीवरची आहे. दोन्ही रकान्यांत गळती सारखी असेल तर दोष साइटचा. फक्त जाहिरातीच्या रकान्यात जास्त असेल तर जाहिरातीवर संशय घ्यायचा, पण निकाल लगेच द्यायचा नाही. तो आकडा आणखी एकदा फोडून बघायचा. या तक्त्यात असे दोन आकडे आहेत आणि दोघांची कारणं वेगळी निघाली.

पाहणं ते कार्ट: दोष जाहिरातीचा. जाहिराती दोन चालू होत्या. ‘₹99 पासून’वालीतून 1,500 जण आले, 54 जणांनी कार्टमध्ये टाकलं, म्हणजे 3.6%. हळद उकळून वाळवतानाच्या व्हिडिओवर ₹220 स्पष्ट लिहिलं होतं. तिथून 1,100 आले, 128 जणांनी टाकलं, म्हणजे 11.6%. हा आकडा ‘इतर’च्या 12 टक्क्यांना भिडतो, म्हणजे उत्पादनाचं पान ठीक आहे. ₹99 हा 100 ग्रॅमच्या पुडीचा भाव आहे आणि लिंक उघडते अर्ध्या किलोवर. पाहणारा भाव बघूनच मागे फिरतो.

पान उघडण्याआधीची गळतीही जाहिरातीकडेच जाते. 4,200 लिंक क्लिकमागे 2,900 पानं उघडली. फीडमधल्या 3,100 क्लिकपैकी 2,590 उघडली, ऑडियन्स नेटवर्कवरच्या, म्हणजे इतर अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवरच्या, 1,100 पैकी फक्त 310. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चुकून बोट लागल्याचे क्लिक असेच दिसतात. ती जागा बंद करावी.

चेकआउट ते पत्ता: दोष साइटचा. 37 आणि 38 टक्के, म्हणजे माणूस कुठूनही आला तरी इथंच अडकतो. एकूण 181 पैकी 113 इथं गेले.

- 39 जणांनी पिनकोडही टाकला नाही. त्याआधी OTP आहे आणि त्याची मुदत 60 सेकंद. गावात रेंज येते-जाते, एसएमएस येईस्तोवर मुदत संपते. पत्ता घ्यायला OTP लागतोच कशाला? काढून टाकावा.
- 41 जणांना ‘या पिनकोडवर सेवा नाही’ हे उत्तर मिळालं. त्यातले 29 पिनकोड 442 आणि 445 ने सुरू होणारे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. कुरिअरच्या यादीत ती गावं नाहीत, पण टपाल तिथं जातं. कुरिअर नाही म्हणालं की आपोआप स्पीड पोस्टचा पर्याय दिसावा.
- 33 जणांनी ₹220 च्या मालावर ₹90 डिलिव्हरी पहिल्यांदाच पाहिली. ती रक्कम उत्पादनाच्या पानावर, किमतीच्या खालीच लिहावी.

पेमेंट ते खरेदी: दिसते जाहिरातीची, आहे साइटची. 46 विरुद्ध 81 पाहून ‘जाहिरातीतून फुकटे येतात’ असं वाटेल. जाहिरातीचे 39 ब्राउझरप्रमाणे फोडले, तर क्रोममध्ये 9 पैकी 8 खरेद्या झाल्या आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये 30 पैकी 10. नऊ हा आकडा लहान आहे, म्हणून फोनवर करून पाहावं: इन्स्टाग्राममधून पान उघडा, UPI निवडा. upi:// लिंक त्या आतल्या ब्राउझरमध्ये पुढं सरकत नाही, अ‍ॅप उघडतच नाही. माणूस पैसे द्यायला तयार आहे, रस्ता बंद आहे.

पेमेंट गेटवेच्या खात्यात यशस्वी पेमेंट 38 आहेत, GA4 मध्ये 35. तिघांनी पैसे भरले, पण ‘धन्यवाद’ पानावर परतले नाहीत. तिघंही आतल्या ब्राउझरमधलेच धरले तरी 30 पैकी 13च होतात, म्हणून निष्कर्ष बदलत नाही. purchase ची नोंद मात्र यापुढं गेटवेच्या वेबहुकवरून, म्हणजे पैसे जमा होताच गेटवे साइटला थेट पाठवतो त्या संदेशावरून घ्यावी.

उपाय म्हणून ‘क्रोममध्ये उघडा’ हे बटण उत्पादनाच्या पानावर, कार्टच्या आधी द्यावं. पेमेंटच्या पानावर दिलं तर ब्राउझर बदलताच कुकी मागं राहते, कार्ट रिकामं होतं आणि पत्ता पुन्हा टाकावा लागतो.

कामाचा क्रम: ऑडियन्स नेटवर्क आणि ₹99 ची जाहिरात आजच बंद, त्याला खर्च नाही. मग OTP आणि स्पीड पोस्ट, कारण कार्टनंतर सगळ्यात जास्त माणसं तिथंच गळतात. त्यानंतर क्रोमचं बटण. साइटवरचे हे बदल एकेक करून, मध्ये किमान आठवडा ठेवून करावेत, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. पत्त्याची पायरी 60 टक्क्यांवर जाईस्तोवर जाहिरातीचं बजेट एक रुपयानंही वाढवू नये.