मातीतील सेंद्रिय कर्ब तपासणी (वॉकले-ब्लॅक): सुधारित कार्यपद्धती

ही पद्धत आजपासून लागू. जुनी प्रत भिंतीवरून काढून प्रमुखांकडे द्यावी.

पुन्हा का लिहिली: जुन्या प्रतीतले प्रत्येक वाक्य 'करावे'वर संपत होते. कोणी करावे, ते कुठेच नव्हते. गेल्या हंगामात 'चंबू थंड झाल्यावर पाणी घालावे' हे वाक्य दोघांनी वाचले. चंबू थंड झाला का, हे दुसऱ्याने पाहिले असेल असे दोघांनाही वाटले. पाणी पडताच आम्लाचे थेंब उसळून एकाच्या ॲप्रनवर आले. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. म्हणून आता प्रत्येक कृतीला एकच माणूस.

जबाबदारी
विश्लेषक: वजन, डायक्रोमेट, आम्ल, पाणी, टायट्रेशन आणि नोंद. एका तुकडीचे आम्ल एकच विश्लेषक घालतो. मध्ये बदली नाही.
सहाय्यक: फ्यूम हुड, गजर, आयवॉश आणि कचऱ्याचा कॅन. आम्लाची बाटली तो उघडत नाही.
प्रमुख: द्रावणांची तारीख तपासतात, ब्लँक मंजूर करतात, निकालावर सही करतात. खार जमिनीच्या नमुन्यात क्लोराइडमुळे कर्ब फुगून दिसतो. अशा नमुन्यांसाठी सिल्व्हर सल्फेट घातलेले आम्ल द्यायचे का, हेही तेच ठरवतात.

थांबा १: बाटली उघडण्यापूर्वी
सहाय्यक फ्यूम हुड चालू करतो, आयवॉशची धार पाहतो आणि मोठ्याने सांगतो: "हुड चालू, पाणी चालू." विश्लेषक चष्मा, जाड आम्लरोधक हातमोजे आणि ॲप्रन घालतो. हे दोन्ही झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

क्रम
१. विश्लेषक ०.५ मिमी चाळणीतून गाळलेली १ ग्रॅम माती ५०० मिलि कोनिकल फ्लास्कमध्ये घेतो. दोन चंबू मातीशिवाय ठेवतो, तेच ब्लँक.
२. प्रत्येक चंबूत १० मिलि १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, पिपेट बल्बने. तोंडाने ओढणे पूर्ण बंद: डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे.
३. हुडमध्ये २० मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल डिस्पेन्सरने घालून चंबू अर्धा मिनिट हळू फिरवतो. चंबू चांगलाच तापतो. तो उष्णतारोधक पॅडवर ठेवायचा, ओल्या ओट्यावर नाही.
४. सहाय्यक शेवटच्या चंबूनंतर ३० मिनिटांचा गजर लावतो आणि वेळ फळ्यावर लिहितो. द्रावण नारिंगी न राहता हिरवे झाले, तर डायक्रोमेट संपले. तो नमुना अर्ध्या ग्रॅमने पुन्हा. हिरव्या चंबूचे टायट्रेशन करून आकडा काढायचा नाही, कारण तो खरा नसतो.

थांबा २: पाणी घालण्यापूर्वी
गजर वाजला म्हणजे चंबू थंड झाला असे नाही. विश्लेषक हातमोजा काढून हाताची पाठ काचेजवळ नेतो. ऊब जाणवली, तर आणखी १० मिनिटे. मग हातमोजा परत चढवून सहाय्यकाला सांगतो: "थंड आहे." सहाय्यक वहीत वेळ लिहितो, तेव्हाच पाणी.
आम्ल नेहमी पाण्यात घालायचे, हा नियम सर्वांना पाठ आहे. इथे पद्धतच उलटी आहे, म्हणून ही पायरी घाईने होता कामा नये. २०० मिलि पाणी काचेच्या आतल्या बाजूने, सुरुवातीला थोडे थोडे, तोंड चंबूपासून दूर ठेवून.

५. विश्लेषक १० मिलि ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल आणि १ मिलि डायफिनाइलअमीन घालतो, ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करतो. निळ्या-जांभळ्यावरून एका थेंबात चमकदार हिरवा झाला, की वाचन.
६. आधी ब्लँक. वाचन २० मिलिच्या आसपास हवे. फेरस द्रावण हवेने हळूहळू उतरते, म्हणून कालचा ब्लँक आज चालत नाही. प्रमुखांनी ब्लँकवर सही केल्यावरच नमुने.

```
OC % = 10 × (B − S) / B × 0.003 × 100 / W
```

B म्हणजे ब्लँकचे मिलि, S नमुन्याचे, W मातीचे ग्रॅम. आपण १.३ चा गुणक लावत नाही. अहवालावर तसे लिहायचे.

कचरा: सहाय्यक सगळे द्रावण 'क्रोमियम' लिहिलेल्या कॅनमध्ये ओततो. सिंकमध्ये काहीही नाही.

सांडल्यास किंवा उडाल्यास: त्वचा वा डोळा किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली, भिजलेले कपडे लगेच काढून. त्वचेवर सोडा चोळायचा नाही. त्याच वेळी दुसऱ्याने प्रमुखांना बोलवायचे. डोळ्यात गेले असेल तर तेवढा वेळ धुऊन झाल्यावर थेट दवाखाना. ओट्यावर थोडे सांडल्यास खाण्याचा सोडा कडेकडेने टाकायचा. भुसा किंवा कापड कधीही नाही, ते पेट घेऊ शकते.

नवीन माणसाने पहिल्या ३ तुकड्या प्रमुखांसमोर कराव्यात. कोणती पायरी कोणाची, हे वाचूनही कळले नाही तर काम थांबवून विचारा. तसे थांबल्याबद्दल इथे कोणालाही बोलणी बसणार नाहीत.