चाळराखण : डेमो डेचं बोलणं

[पहिले वीस सेकंद. स्लाइड नाही, फक्त चाळीचा फोटो.]

नमस्कार. मी सायली. चांदवड तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरातली, शिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. आमचा उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत जातो. आत सड लागली की बाहेरून दिसत नाही. वास येतो तोवर आजूबाजूचा कांदाही गेलेला असतो. ती सड आधी कळावी म्हणून आम्ही 'चाळराखण' बनवलं आहे.

[इथून पुढे, घड्याळ न बघता.]

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. ऑगस्टमध्ये घरी गेले, तर वडील चाळीच्या मधल्या खणापाशी उभे होते. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा तो ओला होता. त्या खणाची निवड करायला बायांना तीन दिवस लागले. निम्म्याहून जास्त माल उकिरड्यावर गेला. वरचा थर मात्र शेवटपर्यंत खणखणीत दिसत होता, आणि वडील रोज सकाळी तोच बघून समाधानानं परत फिरत होते.

आमच्याकडं चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या, वर पत्रा. वारा खेळावा एवढीच तिची युक्ती, आणि उन्हाळ्यात ती चालते. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय सांगतं की साध्या चाळीत तापमान 25 ते 30 अंश आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के असावी. जुलैत पाऊस लागला की ही आर्द्रता कुणाच्याच हातात राहत नाही. ढिगाच्या पोटात ऊब धरते, मानेपाशी नीट न सुकलेला एखादा कांदा नरम पडतो, त्याचं पाणी खालच्यावर उतरतं.

मग चाळ सारखी उघडून बघत का नाहीत? कारण एक खण उपसायचा म्हणजे मजूर लावायचे, आणि हाताळताना चांगल्या कांद्याचीही साल जाते. म्हणून शेतकरी वासाची वाट बघतो. 250 क्विंटलच्या चाळीत दहावा हिस्सा गेला तर 25 क्विंटल माल गेला. बी, खत, लागण, काढणी असा सगळा खर्च त्यावर आधीच झालेला असतो.

शीतगृहाबद्दल तुम्ही विचाराल. तिथून बाहेर काढलेल्या कांद्याला लगेच कोंब फुटतात, आणि विजेचं बिल लहान शेतकऱ्याला झेपत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं किरण प्रक्रिया केंद्र आहे. ती प्रक्रिया कोंब थांबवते, पण बुरशी लागलेला कांदा त्यानं वाचत नाही. सडीवर आजही इलाज एकच आहे: खराब कांदा वेळेत बाहेर काढणं. तो कुठं आहे, एवढंच आम्ही सांगतो.

भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप माल भरतानाच ढिगात उभा करायचा. त्यात तीन उंचींवर सेन्सर आहेत. ते तापमान, आर्द्रता आणि सडताना सुटणारे गंधकयुक्त वायू मोजतात. एका खणात दोन पाइप. फोनवर निरोप मराठीत येतो: 'तिसरा खण, उत्तरेकडची बाजू, खालचा थर. दोन दिवसांत बघा.' मग पूर्ण चाळ उपसावी लागत नाही, तेवढाच खण उघडायचा.

गेल्या हंगामात आमची आणि शेजाऱ्यांच्या तीन, अशा चार चाळींत हे लावलं. सुरुवातीला सालीचा भुगा सेन्सरवर बसायचा आणि जोराचा पाऊस झाला की खोटे इशारे यायचे. एका काकांनी तर वैतागून पाइप उपटून ठेवला होता. आम्ही वर बारीक जाळी बसवली, आणि बाहेरच्या हवेची आर्द्रता वजा करून हिशोब करायला लागलो. त्यानंतर दोन चाळींत, वास यायच्या आधी, सांगितलेल्या जागीच नरम कांदा सापडला. पाइप उपटणारे काका यंदा स्वतःहून दोन जास्त मागताहेत. चार चाळींवरून मोठा दावा करायचा नाही, हे मला कळतं.

आम्ही तिघं आहोत. मी सेन्सरचं काम बघते, माझा वर्गमित्र सॉफ्टवेअर बघतो, आणि माझा चुलतभाऊ गावोगाव फिरून पाइप बसवतो. शेतकरी त्याच्याशीच मोकळं बोलतात.

आज मी 30 लाख रुपये मागायला आले आहे. त्यातून येत्या एप्रिलपर्यंत चांदवड, निफाड आणि येवल्यात मिळून 60 चाळींत हे लावायचं आहे, आणि त्यांतल्या निम्म्या खणांत पाइप न लावता नुकसान तोलून बघायचं आहे. पैशांइतकीच गरज मला अशा माणसाची आहे, ज्यानं शेतमालाच्या साठवणुकीत आयुष्य घालवलंय आणि जो आमचे आकडे कठोरपणे तपासेल. माल एप्रिलमध्ये भरला जातो, पाइप त्याआधी उभे राहायला हवेत. फेब्रुवारीत आमच्या चाळीवर या, रिकामी असताना तिचा तळ नीट दिसतो.