रांगोळी स्पर्धा: नियम आणि परीक्षण-पत्रक

वसुबारसेच्या आधीचा रविवार. जागा सोसायटीचे आवार. हजेरी सकाळी ७:३०, रांगोळी ८ ते १०. शिट्टी वाजली की हात वर. अर्धी राहिलेली रांगोळीही परीक्षणाला धरू.

गट दोन. (अ) ठिपक्यांची, ठिपके १५ ते ८. (आ) मुक्तहस्त, यात संस्कार भारती पद्धत, निसर्गचित्र, व्यक्तिचित्र सगळे चालेल. एकत्र ठेवले की चेहऱ्यापुढे ठिपक्यांच्या कासवाकडे कोणी बघत नाही, म्हणून गट वेगळे आणि बक्षिसेही वेगळी. एका व्यक्तीने एकाच गटात नाव द्यावे.

जागा ४ × ४ फूट, चिठ्ठी टाकून मिळेल. नळाजवळची आणि जिन्यासमोरची फरशी वगळली आहे. पांढरी रांगोळी व आठ रंग मंडळ देईल. घरचे रंग आणू नयेत. ठिपक्यांचा कागद अ गटात चालेल. छाप, साचा, स्टिकर, फुले, तयार रेखांकन कुठल्याच गटात नाही. आ गटात खडूने आखणी आणि रंग पसरायला चाळणी चालेल. मोबाइलवरचे चित्र बघता येईल, पण ते रांगोळीशेजारी उघडे ठेवावे. परीक्षकांनाही दिसू दे.

मदतीचा हात नको, आईचासुद्धा. रांगोळीत नाव, फ्लॅट क्रमांक किंवा सही दिसली तर ५ गुण वजा.

परीक्षक तीन, तिघेही सोसायटीबाहेरचे. १० वाजता स्पर्धक आवाराबाहेर जातील. परीक्षक वेगवेगळे फिरतील: एक पहिल्या क्रमांकापासून, एक शेवटून, एक मधून. आपसात चर्चा नाही. पत्रकावर फक्त जागेचा क्रमांक असेल.

| काय पाहायचे | अ | आ |
|---|---|---|
| रेषा: जाडी एकसारखी, जोड न दिसणारी | २० | १० |
| रचना, समतोल | १० | १५ |
| रंगसंगती, छटा | १० | १५ |
| कल्पना | ५ | ५ |
| पूर्णता, कडेची सफाई | ५ | ५ |
| एकूण | ५० | ५० |

परीक्षकांसाठी: अर्धा गुण चालेल, शेरा नको. विषय धार्मिक की सामाजिक, याला गुण नाहीत.

निकाल गुणांच्या बेरजेवर नाही. एखादे परीक्षक सगळ्यांना ३५ ते ४० देतात, दुसरे १५ ते ४८. बेरीज केली तर दुसऱ्यांचेच मत चालते. म्हणून प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्यांचे क्रमांक लावू आणि तीन क्रमांकांची बेरीज करू. जागा ७ ला १, ३, २ मिळाले तर बेरीज ६. जागा ११ ला २, १, ४ मिळाले तर ७. कमी बेरीज वर, म्हणजे जागा ७ पुढे. बरोबरी झाली तर अ गटात रेषेचे, आ गटात रचनेचे तिघांचे एकूण गुण पाहू. तरीही सुटले नाही तर बक्षीस विभागून.

तिन्ही पत्रके निकालाबरोबरच सूचना फलकावर लागतील. बेरीज चुकली किंवा नियम मोडला, अशी हरकत अर्ध्या तासात लेखी द्यावी. ‘माझी जास्त छान होती’ ही हरकत धरली जाणार नाही.