'एकच कॉट' : दहा शॉट्सचा आराखडा

संकेत, अमोल, गौरी,

शनिवारी सकाळी साडेसातला पंचवटीतल्या खोलीवर भेटायचं. त्याआधी हे नीट वाचून या. चर्चा जिन्यात नको, मालकीणबाई खालीच राहतात.

आपल्या शॉर्टफिल्मची गोष्ट तिघांना माहीत आहे, तरी एकदा सांगते. अंबडच्या कारखान्यात रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी करणारा एक ऑपरेटर. खोली कॉट बेसिसवर घेतलेली. त्याच कॉटवर रात्री दुसरा कुणी झोपतो, तो दिवसपाळीचा. एक आत येतो तेव्हा दुसरा वाटेवर असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने गाठ नाही. रविवारी हा गावाला जातो, म्हणून तेव्हाही नाही. पडद्यावर फक्त अमोल. दुसरा दिसणार नाही, त्याचा आवाजही नाही. तो आहे हे प्रेक्षकाला वस्तूंवरून कळायचं, आणि तेही उशिरा.

सगळा आराखडा या उशिरावर उभा आहे. खोली नऊ बाय अकराची. रुंद लेन्स लावून कोपऱ्यात उभं राहिलं की दहा सेकंदांत ती संपते आणि पुढचे नऊ शॉट तेच ते वाटायला लागतात. म्हणून नवव्या शॉटपर्यंत अख्खी खोली दाखवायची नाही. संकेत, तुझा पहिला हट्ट "एक मास्टर काढून ठेवू" हाच असणार. काढायचा नाही. काढला की एडिटला तो वापरायचा मोह होतोच.

शॉट वेगळे कशाने होतात? कॅमेरा दोन फूट सरकवल्याने नाही. लागोपाठच्या दोन शॉट्समध्ये अंतर, कॅमेऱ्याची उंची आणि उजेडाची दिशा यांतल्या निदान दोन गोष्टी बदललेल्या हव्यात. मी दहाही फ्रेम काडेपेटीएवढ्या चौकोनांत काढून भिंतीवर लावल्या आणि लांबून बघितल्या. ज्या दोन सारख्या दिसल्या, त्यांतली एक गेली. संकेत, गॅलरीतून पाठमोरा अमोल हा तुझा आवडता शॉट त्यातच गेला, आणि तसाही तो खोलीबाहेरचा होता.

खोलीचा नकाशा डोक्यात ठेवा. पश्चिमेला गजांची खिडकी, तीन फूट रुंद, चार उंच. पूर्वेला दार, बाहेर गॅलरी. उत्तरेच्या भिंतीला लोखंडी कॉट. दक्षिणेला कोनाडा आणि खुंट्या, नैऋत्येला मोरी. वर लाकडी तुळया. जुन्या वाड्याच्या भिंती दीड फूट जाड, त्याचा आपल्याला फायदा आहे, पुढे येईलच. खिडकीसमोरचा वाडा उतरवलाय, त्यामुळे सध्या दुपारचं ऊन अडत नाही. तिथे नवीन इमारत उभी राहिली की ही शॉर्टफिल्म या खोलीत होणार नाही.

कॅमेरा पूर्ण दिवस २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या आकड्यांवर ट्यूब लपलपत नाही. व्हाइट बॅलन्स ५६०० वर हाताने बांधायचा, ऑटो बंद. लेन्स तीनच: १६, ३५, ५०.

एक. दाराखालची फट. कॅमेरा कॉटखाली, जमिनीवर, ३५ मिमी. वरचा निम्मा भाग कॉटच्या सावलीने काळा. समोर दार बंद, खाली उजेडाची रेघ. कुलूप निघतं, रेघेत दोन पावलं येतात, दार उघडतं, पाय आत येतात, बूट निघतात. शेजारी आधीच एक चपलांचा जोड पडलाय, त्यावर फोकस नेऊ नकोस. दार पूर्वेचं असल्याने सकाळी पावणेनऊच्या आसपास गॅलरीत ऊन असतं, हा शॉट तेव्हाच मिळेल.

दोन. आरसा. खिडकीच्या चौकटीला टांगलेला दाढीचा आरसा, ५० मिमी. अमोल फक्त आरशात दिसतो, उरलेल्या फ्रेममध्ये वरचा चुना आणि खालचा हिरवा ऑइलपेंट. कॅमेरा आरशापासून तीन फूट आणि चेहरा दीड फूट असेल तर फोकस साडेचार फुटांवर लागतो. आरशाच्या काचेवर लावलास तर चेहरा मऊ येईल. अमोल, चूळ भर, डोळे चोळ, बाकी अभिनय नको. बारा तास उभा राहिलेला माणूस आरशात स्वतःकडे बघत नाही.

तीन. वरून. कॅमेरा कॉटच्या बरोबर वर, तुळईला क्लॅम्प. त्याला वेगळी दोरी बांधायचीच, खाली माणूस झोपलेला असणार. १६ मिमी, सात फुटांवरून, म्हणजे साधारण दहा फूट रुंदी मिळते, सहा फुटी कॉट आडवी मावते. अमोलने कॉटच्या एकाच कडेला, भिंतीलगत झोपायचं. अर्धी कॉट रिकामी. का, हे या शॉटमध्ये कुणाला कळू नये. पंखा फ्रेमच्या कोपऱ्यात येईल, तो एकवर ठेवायचा. जोरात फिरवला तर पाती वाकडी दिसतात आणि लक्ष तिकडेच जातं. उजेड खिडकीचाच, भिंतीवर पांढरा थर्माकोल टेकवून परतवलेला.

चार. हात. ५० मिमीला एक्स्टेन्शन ट्यूब लावून, अगदी जवळून. नखांत बसलेलं काळं, अंगठ्याच्या पेरावर कूलंटने पांढरी पडलेली कातडी. अमोल, दोन दिवस आधी हाताला काही क्रीम लावू नकोस. नखांसाठी मी कामगाराकडून खरं वापरलेलं तेल आणलंय, मेकअपची काजळी चकाकते. हात उशीखाली जातो आणि उशीखालून कागदाचा कपटा बाहेर येतो. त्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही. चार सेकंदांचा शॉट, पण यावर अर्धा तास गेला तरी चालेल.

पाच. खिडकीतली आकृती. दाराजवळून पश्चिमेकडे, ५० मिमी, नऊ फूट. एक्सपोजर बाहेरच्या उजेडावर, म्हणजे अमोल आणि गज दोघे काळे. तो गजाला डोकं टेकवून उभा. झोप येत नाही, एवढंच. दुपारी बारा-एकला करू, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे असतो, खिडकीतून थेट ऊन येत नाही, फक्त पांढरा उजेड.

सहा. भिंतीवरचं ऊन. हा माझा सगळ्यांत लाडका, म्हणून थोडं जास्त लिहिते. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे उतरतो, म्हणून चारच्या सुमारास खिडकीतलं ऊन तिरकं होऊन उत्तरेच्या भिंतीवर, कॉटच्या वर पडतं. गजांच्या सावल्यांसकट. सूर्य उतरेल तसा तो चौकोन भिंतीवर वर चढत जातो. फ्रेममध्ये माणूस नाहीच, फक्त त्या चौकोनात त्याच्या हाताची सावली. हात वर येतो, गजाच्या सावलीला 'धरतो', सोडतो. ट्रायपॉड भिंतीशी काटकोनात, ३५ मिमी. उदबत्ती फ्रेमबाहेर, खिडकीच्या खाली, धुराने उनाची तिरीप दिसेल. मोजक्या दोन काड्या, देवघर वाटायला नको. चौकोन सरकत राहतो, तेव्हा तीनला कॅमेरा लावून तालीम आणि साडेतीनपासून टेक. हा चुकला तर दुसऱ्या शनिवारी जावं लागेल.

सात. कोनाड्यातून. जाड भिंतीचा फायदा इथे. कॅमेरा कोनाड्यात आत, १६ मिमी. चौकटीची कड चारही बाजूंनी अंधारी, पुढे तेलाची बाटली, दोन डबे. अमोल वाकतो, चेहरा अगदी जवळ येतो, एक डबा उघडतो. आत कुणीतरी ठेवलेल्या दोन चपात्या आणि ठेचा. तो थांबतो. एक खातो, एक परत ठेवतो. पहिल्यांदाच इथे चेहरा पूर्ण आणि समोरून दिसतो, म्हणून सातवर ठेवलाय. चपात्या सकाळच्या, कडक झालेल्या घ्या, गरम वाफाळत्या नकोत.

आठ. गोधडीत. फक्त मोबाईलचा उजेड. कॅमेराही गोधडीच्या आत, संकेतला अर्धं आत शिरावं लागेल, हसू नका. घरून फोन आलाय, तो उचलत नाही, वाजून बंद होतो. खिडकीला काळी चादर. आयएसओ १६०० च्या वर नको, अमोलनेच मोबाईल चेहऱ्याच्या जवळ धरावा.

नऊ. अख्खी खोली. आता, आणि आताच. संध्याकाळी पावणेसात, बाहेर काळोख, ट्यूब लावलेली. दाराला पाठ टेकवून कॅमेरा, १६ मिमी, डोळ्याच्या उंचीवर, हलवायचा नाही. तो कामावर जायच्या तयारीत. आणि प्रेक्षकाला दिसतं: खुंट्या दोन, शर्ट दोन मापांचे, ब्रश दोन, डबे दोन, उशीची कव्हरं दोन, एक निळं, एक तपकिरी. तो स्वतःचं कव्हर काढून दुसऱ्याचं चढवतो. वीस सेकंद काही कापायचं नाही. ट्यूबचा उजेड सपाट असतो म्हणून संकेत नाक मुरडेल, पण आठ शॉट सावलीत लपवलेलं सगळं इथे सपाट उजेडातच हवं.

दहा. दाराची आतली बाजू. ३५ मिमी. दाराला चिकटवलेले कपटे, वरखाली, दोन वेगळ्या अक्षरांतले: "गॅस संपत आलाय", "पाणी सहाला येतं", "ठेचा तिखट होता". अमोल नवीन कपटा लावतो, ट्यूब बंद करतो, निघतो. मजकूर शेवटी ठरवू. माझ्या मते "एक चपाती ठेवलीय". गौरीचं म्हणणं आहे की त्याने दुसऱ्याचं नाव विचारावं. मला ते जास्त वाटतं, पण दोन्ही काढू.

गौरी, आवाजासाठी: सकाळी घंटागाडीचं गाणं येतं, ते स्वच्छ रेकॉर्ड कर, तिसऱ्या शॉटवर हवंय. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या बाजूने येणारा घंटेचा आवाज खोलीत क्षीण येतो, त्यासाठी वेगळं घाटावर जाऊ नकोस, खोलीतूनच घे. पंख्याचा आवाज एकदा एक मिनिट सलग घेऊन ठेव, टेकच्या वेळी लागेल तिथे पंखा बंद करू. शेजारच्या साइटवर काम दुपारी दोनपर्यंत चालतं, त्यामुळे सातवा तीनच्या आतच पण दोननंतर घ्यायचा.

काढायचा क्रम उजेडाप्रमाणे: एक, दोन, तीन, चार, पाच, मग जेवण, सात, सहा, आठ, नऊ, दहा. जेवणाची मिसळ मी आणते, खोलीत खायची नाही, रश्शाचा वास आणि डाग दोन्ही भिंतीत राहतात. खोलीत एका वेळी चौथा माणूस मावत नाही, म्हणून मित्रांना "बघायला ये" म्हणू नका. शॉट सुरू असताना कॅमेऱ्यामागे संकेत एकटा, गौरी मोरीत, मी गॅलरीत हेडफोन लावून.

अमोल, दाढी गुरुवारपासून करू नकोस. संकेत, क्लॅम्प, दोरी, काळी चादर आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या. कपटे मी घरून दोन हातांनी लिहून आणते, डाव्या हाताने लिहिलेले त्या दुसऱ्याचे.