विषय: गुंतवणुकीचे पुरावे मंगळवार, २० जानेवारीपर्यंत द्या, नाहीतर जानेवारीच्या पगारापासून जादा टीडीएस

नमस्कार मंडळी,

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जुनी करप्रणाली निवडलेल्या बाणेर कार्यालय आणि भोसरी कारखान्यातील सर्वांसाठी हा मेल आहे. नवी प्रणाली निवडलेल्यांनी काही पाठवायची गरज नाही. आपण कुठल्या प्रणालीत आहोत हे आठवत नसेल, तर पेरोल पोर्टलवर डिसेंबरच्या पगारपत्रकात वरच उजवीकडे लिहिलेले आहे.

एप्रिलमध्ये तुम्ही जी गुंतवणूक जाहीर केली, ती आम्ही तुमच्या शब्दावर धरली आणि त्या हिशोबाने नऊ महिने कमी कर कापला. आता त्या शब्दाला कागद लागतो. पुरावे आणि सही केलेला फॉर्म १२बीबी पोर्टलवर मंगळवार, २० जानेवारी २०२६, संध्याकाळी ६ वाजेपर्यंत अपलोड करा. १४ ला संक्रांत आणि १५ ला महापालिकेचे मतदान असल्यामुळे पुढचा आठवडा तसा हातात नाहीच, म्हणून या शनिवार-रविवारीच कागद काढून ठेवा.

पुरावे आले नाहीत तर? जाहीर केलेली रक्कम शून्य धरावी लागेल आणि वर्षभराचा राहिलेला कर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन पगारांतून कापला जाईल. समजा, तुम्ही ८०सी खाली १,५०,००० आणि ८०डी खाली २५,००० रुपये दाखवलेत आणि तुमचे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. पुरावा नसेल तर ३५,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के सेस मिळून ३६,४०० रुपये वाढतात. म्हणजे दर महिन्याला साधारण १२,१३३ रुपये कमी हातात येतील. दरवर्षी मार्चमध्ये "पगार कमी का आला?" असे दहा-बारा फोन येतात, आणि उत्तर दरवर्षी हेच असते.

एकदा कापलेला कर आम्ही परत देऊ शकत नाही, कारण तो सरकारजमा होतो. पात्र वजावट तुम्ही स्वतःच्या रिटर्नमध्ये मागू शकता, पण परताव्याची वाट पाहावी लागेल.

सगळ्यात जास्त गोंधळ घरभाड्यात होतो, म्हणून थोडे सविस्तर. पावत्यांबरोबर भाडेकरार द्या. वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतोच. "मालक पॅन देत नाहीत" हे कारण आम्हाला पुढे नेता येत नाही. आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडे देत असाल तर चालते, मात्र पैसे खरोखर त्यांच्या खात्यात गेलेले दिसले पाहिजेत आणि ते त्यांच्या उत्पन्नात धरले गेले पाहिजेत. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेले भाडे धरता येणार नाही. आणि हो, पुण्यात मेट्रो धावत असली तरी घरभाडे भत्त्याच्या नियमात पुणे या वर्षी महानगर नाही; मर्यादा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ४० टक्केच आहे. खोट्या पावत्या कृपया देऊ नका. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवल्याचे सिद्ध झाले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो तुमच्यावर, कंपनीवर नाही.

गृहकर्जासाठी बँकेचे व्याज-मुद्दल दाखवणारे प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि बँकेचा पॅन द्या. राहत्या घराच्या व्याजाची मर्यादा २ लाख रुपये आहे. वाकड, रावेत, हिंजवडीकडे फ्लॅट बुक केलेल्यांनी लक्षात घ्या: इमारत पूर्ण झालेली नसेल, तर हप्ते चालू असले तरी या वर्षी व्याजाची वजावट मिळत नाही.

शाळेच्या पावतीतली फक्त ट्यूशन फी धरली जाते, तीही दोन मुलांपुरती. बस, गणवेश आणि देणगी वगळा. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला असेल तर वजावट नाही. पीपीएफच्या पासबुकाचे नावाचे आणि नोंदीचे, दोन्ही पाने स्कॅन करा. नुसत्या नोंदीवरून पासबुक कोणाचे ते कळत नाही.

एलआयसीचा हप्ता किंवा एसआयपी फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल, तर तसे पोर्टलवरच्या हमीपत्रात लिहा आणि पावती ५ मार्चपर्यंत जोडा. त्यानंतर आलेली पावती मार्चच्या पगारात धरता येणार नाही.

प्रत्येक बाबीची एकच पीडीएफ करा. मोबाइलवरून काढलेले फोटो चालतील, पण वाचता येतील असे काढा. व्हॉट्सॲपवर पाठवलेले कागद आम्ही धरणार नाही. भोसरीत ज्यांना संगणकाची सोय नाही, त्यांच्यासाठी १२ आणि १३ जानेवारीला दुपारी २ ते ५ आमचा माणूस टाइम ऑफिसमध्ये स्कॅनर घेऊन बसेल.

शंका असेल तर याच मेलला उत्तर द्या किंवा एक्स्टेन्शन २१४ वर फोन करा. जानेवारीचा पगार २२ तारखेला लॉक होतो, त्यामुळे २० नंतर मुदत वाढवणे आमच्या हातात नाही.

आपला,
वेतन कक्ष, लेखा विभाग
बाणेर, पुणे
५ जानेवारी २०२६