विषय: तक्रार प्रणालीचं स्थलांतर सहा आठवडे अडलेलं आहे, गुरुवार १९ फेब्रुवारीपर्यंत तुमचा निर्णय हवा आहे

प्रति: विभागप्रमुख, माहिती तंत्रज्ञान
प्रत: व्यवस्थापक, माहिती सुरक्षा टीम, व्यवस्थापक, ग्राहक सेवा

नमस्कार मॅडम,

ग्राहक तक्रार प्रणाली जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवायचं आमच्या बाजूचं काम झालेलं आहे. पण माहिती सुरक्षा टीमकडून दोन गोष्टी मिळालेल्या नाहीत, म्हणून सगळं जागेवर थांबलं आहे: फायरवॉलचा एक नियम आणि सुरक्षा तपासणीवरची सही. आमच्या पातळीवर हे सुटत नाही याची खात्री झाल्यावरच तुमच्यापर्यंत आणते आहे. आज सकाळी त्या टीमच्या व्यवस्थापकांना फोन करून हा मेल जाणार असल्याचं आणि त्यात काय असेल ते सांगितलं आहे. त्यांच्यासाठी यात अनपेक्षित काही नाही.

मागणी छोटी आहे. नव्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला डेटाबेसपर्यंत पोहोचायला ५४३२ हा एकच पोर्ट, एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच दिशेने उघडा हवा. इंटरनेटकडे काहीही उघडायचं नाही. चाचणी सर्व्हरवर हीच मांडणी व्यवस्थित चालते आहे. प्रत्यक्ष सर्व्हरवरून जोडणी केली की मात्र हे येतं:

```
psql: error: connection to server at "10.20.4.15", port 5432 failed: Connection timed out
```

हे इथे मुद्दाम देते आहे, कारण "तुमच्याच सेटिंगमध्ये गडबड असेल" असं आम्हाला एकदा सांगितलं गेलं. डेटाबेस बंद असता किंवा त्या पोर्टवर ऐकत नसता, तर साधारणपणे लगेच `Connection refused` आलं असतं. त्याच डेटाबेसला त्याच्या स्वतःच्या नेटवर्कमधून जोडणी होते, आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरून केली की उत्तरच येत नाही. याचा अर्थ विनंती वाटेतच अडते आहे. नेटवर्क टीमनेही त्यांच्या लॉगमध्ये पाहून हेच सांगितलं. नियम टाकायला ते तयार आहेत, फक्त सुरक्षा टीमच्या मंजुरीशिवाय त्यांना तो टाकता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आतापर्यंत काय झालं ते थोडक्यात. मागणी ६ जानेवारीला नोंदवली. पुढच्या आठवड्यात त्यांनी नेटवर्कचा आराखडा मागितला, तो त्याच दिवशी दिला. २१ जानेवारीला अर्ज परत आला, कारण मधल्या काळात अर्जाचा नमुना बदलला होता. नव्या नमुन्यात तो दुसऱ्या दिवशी भरून दिला. त्यानंतर तिकीट "माहितीची प्रतीक्षा" या स्थितीतच राहिलं. माहिती जोडलेली होती, पण ती कोणी उघडून पाहिली नाही. मुदत संपल्यावर सिस्टिमने "अर्जदाराकडून प्रतिसाद नाही" असा शेरा मारून ३ फेब्रुवारीला तिकीट आपोआप बंद केलं. ते आम्ही पुन्हा उघडून घेतलं. तेव्हापासून ते कोणाच्याही नावावर नाही. साप्ताहिक बैठकीत दर वेळी "या आठवड्यात बघतो" एवढंच उत्तर मिळतं.

त्या टीमची अडचण मला दिसते आहे. त्यांच्याकडे ऑडिट चालू आहे आणि तपासणी करणारी माणसं कमी आहेत. कोणी मुद्दाम अडवतंय असं मला अजिबात वाटत नाही. पण ज्या प्रणालीची तपासणी बाकी म्हणून आम्ही थांबलो आहोत, तिच्याऐवजी आज जे चालू आहे ते कितीतरी जास्त असुरक्षित आहे. जुना सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर आहे. त्याचा विस्तारित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, आणि त्यानंतर पैसे भरून मिळणारे सुरक्षा अपडेट आपण घेतलेले नाहीत. त्यावरचा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ११ आहे. त्यालाही नोव्हेंबर २०२३ नंतर दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत. ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि तक्रारींचा मजकूर आज तिथेच साठतो आहे. सुरक्षेसाठी थांबायचं असेल, तर थांबण्यातला हा धोकाही त्याच तराजूत घालायला हवा. मला या मेलमधून मुख्यतः हेच सांगायचं आहे.

ग्राहक सेवेला याची झळ रोज बसते आहे. जुन्या स्क्रीनवर फोटो जोडता येत नाही. त्यामुळे ग्राहकाने मेलवर पाठवलेला फोटो ती मंडळी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि फाइलच्या नावात तक्रार क्रमांक हाताने टाइप करतात. एक आकडा चुकला की फोटो दुसऱ्याच्या तक्रारीत जातो. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारी बसले असताना असंच झालं, आणि ते लक्षात आलं तेव्हा उत्तर चुकीच्या ग्राहकाकडे गेलेलं होतं. ही गंभीर गोष्ट आहे आणि ती वेगळी कळवलेली आहे. नव्या प्रणालीत फोटो थेट तक्रारीला जोडला जातो. तिचं प्रशिक्षण त्या सगळ्यांनी जानेवारीत घेतलं, आणि आता ते विसरायला लागले आहेत.

वेळेचं गणित असं आहे. जुन्या सर्व्हरचा करार ३१ मार्चला संपतो. तो वाढवायचा असेल तर फेब्रुवारीअखेरपर्यंत कळवावं लागतं, आणि वाढवला तर किमान एक वर्षासाठी. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात वर्षअखेरमुळे कोणताही बदल करता येत नाही. म्हणजे स्थलांतराला १४–१५ मार्चचा शनिवार-रविवार हाच सोयीचा. त्याआधी पूर्ण डेटा घेऊन एक रंगीत तालीम लागते, आणि ती फायरवॉल उघडल्याशिवाय होत नाही. तालमीत काही निघालं तर दुरुस्तीला वेळ हवा, म्हणून या आठवड्यापलीकडे ताणता येणार नाही.

माझी शिफारस सशर्त मंजुरीची आहे. फायरवॉलचा नियम ३० दिवसांपुरता उघडावा, जोडणीचे सगळे लॉग सुरक्षा टीमच्या देखरेखीत जावेत, आणि तपासणी या काळातच पूर्ण व्हावी. सही न झाल्यास नियम आपोआप रद्द होईल आणि १४ मार्चला आम्ही काहीही हलवणार नाही. तपासणी टाळायची नाही, ती स्थलांतराआधी व्हायलाच हवी. हे त्यांना मान्य नसेल, तर दोन दिवसांसाठी एक तपासनीस नेमून द्यावा. त्यांच्याच अंदाजाने काम तेवढंच आहे, आणि आमचा एक अभियंता पूर्ण वेळ त्यांच्यासोबत बसेल.

दोन्ही शक्य नसेल, तर तारीख एप्रिलनंतर ढकलायची आणि जुन्या सर्व्हरचा करार वाढवायचा. मात्र तो निर्णय तुमच्या पातळीवर लेखी व्हावा आणि मधल्या काळातला धोका कोणाच्या जबाबदारीवर आहे हे त्यात असावं, अशी विनंती आहे. तसं ठरलं तर ग्राहक सेवेला मी स्वतः कळवीन.

उद्या किंवा परवा अर्धा तास मिळाला तर सुरक्षा टीमच्या व्यवस्थापकांना घेऊन येते. ते दोन्ही दिवस दुपारी ३ नंतर मोकळे आहेत, मी कधीही येऊ शकते. अर्जाची प्रत, नेटवर्कचा आराखडा आणि तिकिटाचा पूर्ण इतिहास सोबत जोडला आहे.

आपली,
प्राजक्ता
प्रोजेक्ट लीड, तक्रार प्रणाली स्थलांतर
१७ फेब्रुवारी २०२६